दोष इमारतीचा की जोडणीचा?

उन्हाळ्यात नवे वातानुकूलन यंत्र घरी बसवावे आणि आठ दिवसांत लक्षात यावे, की खोली काही थंड होत नाही. मग तक्रार नोंदवावी, दोन-तीन दिवसांनी बसवणारा माणूस यावा, त्याने हात पुढे करून वाऱ्याचा अंदाज घ्यावा आणि म्हणावे, ‘‘मशीन ओके आहे. तुमची बिल्डिंगच तापते, त्याला मशीन काय करणार?’’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. वाक्य मोठे सोयीचे आहे. इमारत खरोखरच तापते, त्यामुळे ते सर्वस्वी खोटे ठरत नाही. आणि इमारत कोणी उचलून कारखान्यात तपासायला नेऊ शकत नाही, त्यामुळे ते खोडूनही काढता येत नाही, असे ऐकणाऱ्यास वाटते.

प्रत्यक्षात ते घरच्या घरी, अर्ध्या तासात आणि शे-दोनशे रुपयांच्या साधनाने तपासता येते. या क्षेत्रात अनेक वर्षे काम केल्यावर माझे असे मत झाले आहे, की बसवणारा आणि ग्राहक यांच्यातील बहुतेक वाद केवळ आकडा हाती नसल्यामुळे लांबतात. गेल्या उन्हाळ्यात सांगलीतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात जे घडले, त्याच्या आधारे हा विषय मांडतो.

चार मजली इमारतीतील सर्वांत वरच्या मजल्यावरचे ते घर. खोली बारा फूट बाय अकरा फूट, एक भिंत पश्चिमेची, तिला चार फुटी खिडकी. घरातील आजींचे वय एक्याऐंशी. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्यांना उकाड्यापासून जपण्यास बजावले होते, म्हणून केवळ त्यांच्यासाठी दीड टनाचे इन्व्हर्टर यंत्र घेतलेले. आजी सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून खोलीत येत, आणि नेमकी तीच वेळ सर्वांत वाईट. दुपारभर तापलेल्या स्लॅबची उष्णता लगेच खाली उतरत नाही. काँक्रीट आणि कोबा पार करून ती खोलीच्या छतापर्यंत पोचायला काही तास लागतात. त्यामुळे बाहेर उन्हे कलली तरी सहा ते नऊच्या दरम्यान छत हाताला गरम लागते. यंत्र अठरा अंशांवर लावलेले, पंखा पूर्ण वेगात, आणि खोलीचे तापमान बत्तीस-तेहेतीस. आजी शेवटी बैठकीच्या खोलीत फरशीवर ओली चादर अंथरून निजू लागल्या.

बसवणाऱ्याने दोन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत जाळी धुतली. दुसऱ्या फेरीत छताला हात लावून म्हणाला, ‘‘काकू, हे बघा, वरून भट्टी आहे. सोसायटीला सांगून गच्चीवर पांढरा कोट मारून घ्या, नाहीतर फॉल्स सीलिंग करा. मशीनचा प्रॉब्लेमच नाही.’’ कामाच्या कागदावर त्याने ‘यंत्र सुस्थितीत, इमारतीमुळे उष्णता जास्त’ असे लिहून सही घेतली.

येथून प्रकरण यंत्रापुरते राहिले नाही. कुटुंबाने सोसायटीकडे गच्चीच्या कामाची मागणी केली. खालच्या मजल्यांवरील सभासद म्हणाले, तुमच्या खोलीच्या गारव्यासाठी आम्ही वर्गणी का द्यावी? सचिवकाका आणि या घरातील काका यांची पंचवीस वर्षांची मैत्री. दोघांत महिनाभर बोलणे बंद झाले. एका माणसाने काखा वर करण्यासाठी उच्चारलेल्या वाक्याने शेजाऱ्यांत असा दुरावा यावा, हे मला यंत्राच्या बिघाडापेक्षा अधिक खटकले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इमारत काय करू शकते आणि काय करू शकत नाही? इमारत खोलीत उष्णता आणते. छतातून, भिंतीतून, खिडकीतून ती सतत आत येते, आणि यंत्राने ती त्याच वेगाने बाहेर टाकावी लागते. परंतु यंत्र एका बाजूने खोलीतील हवा ओढते, आतील गार नळ्यांवरून नेते आणि दुसऱ्या बाजूने सोडते; या क्षणभराच्या प्रवासात हवा किती अंशांनी गार होते, ते छतावर अवलंबून नसते. ते यंत्र आणि त्याची जोडणी यांवर अवलंबून असते. म्हणून आत जाणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानातील फरक मोजला, की इमारतीचा वाटा आणि यंत्राचा वाटा वेगळा होतो. सगळ्या वादाची किल्ली या एका आकड्यात आहे.

तो मोजण्यास तारेच्या टोकाशी संवेदक असलेले साधे डिजिटल तापमापक पुरते. असे दोन असल्यास अधिक बरे. भिंतीवरील यंत्र हवा वरून ओढते, तेव्हा एक टोक वरच्या जाळीवर ठेवावे. दुसरे टोक खालच्या पात्यांमधून येणाऱ्या झोतात अधांतरी राहील असे अडकवावे. ते धातूला वा भिंतीला टेकू नये. दारे-खिडक्या बंद, पंखा सर्वांत जास्त वेगावर, पाती स्थिर, तापमान सोळा किंवा अठरावर. शेवटची अट महत्त्वाची आहे. इन्व्हर्टर यंत्र मागितलेल्या तापमानाच्या जवळ आले की आपली गती आपोआप कमी करते, आणि मग निरोगी यंत्राचाही फरक कमी दिसतो. वीस मिनिटे थांबून दोन्ही आकडे लिहून घ्यावेत.

सांगलीसारख्या कोरड्या उन्हाळ्यात चांगल्या यंत्राचा फरक साधारण बारा ते चौदा अंश असतो. मुंबईत वा कोकणात, जेथे हवेत दमटपणा फार, तेथे यंत्राची बरीचशी शक्ती हवेतील पाणी काढण्यात खर्च होते. तेथे आठ-दहा अंशांचा फरकही योग्य असू शकतो, मात्र त्या वेळी बाहेरच्या नळीतून पाण्याची चांगली धार लागलेली दिसली पाहिजे. कोरड्या हवेत फरक सहा-सात अंश असेल आणि नळीतून पाणीही नसेल, तर दोष इमारतीत शोधण्याचे कारण नाही.

या घरी संध्याकाळी सात वाजता मोजले. आत जाणारी हवा तेहेतीस अंश, बाहेर येणारी सत्तावीस. फरक सहा. बसवणाऱ्याला फोनवर सांगितले, तर तो म्हणाला, ‘‘संध्याकाळी मोजलं ना, तेव्हा स्लॅब तापलेलाच असणार.’’ युक्तिवाद चुकीचा होता, परंतु त्याला त्याच्याच भाषेत उत्तर देणे शक्य होते. पहाटे पाच वाजता, जेव्हा गच्ची रात्रभर निवलेली असते आणि छत हाताला गरम लागत नाही, तेव्हा पुन्हा मोजले. एकोणतीस आणि साडेतेवीस. फरक साडेपाच. छताची भट्टी विझलेली होती, तरी यंत्राचे काम तेवढेच अपुरे होते.

काकांचा स्वभाव हिशेबी. त्यांना आणखी एक शंका होती: इमारतीची उष्णता खरोखरच दीड टनाच्या यंत्राला झेपण्यापलीकडची असेल का? तो हिशेबही आम्ही कागदावर मांडला. ‘टन’ हा शब्द बर्फावरून आला आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, ती एक टनाची क्षमता. वॅटमध्ये सुमारे साडेतीन हजार. म्हणजे दीड टनाचे यंत्र सुमारे ५२०० वॅटच्या वेगाने उष्णता बाहेर फेकू शकते. हा आकडा बाहेर ३५ अंश असतानाचा आहे. बाहेर चाळीसच्या वर गेले की तो घसरतो. आपण साडेचार हजार धरू.

आता येणारी उष्णता. बारा बाय अकराच्या खोलीवरील तापलेल्या छतातून सढळपणे धरले तरी एक हजार वॅट येतात. पश्चिमेच्या भिंतीतून सुमारे चारशे. पडदा लावलेल्या खिडकीतून पाचशे. उरलेल्या भिंती आणि फटींतून येणारी हवा चारशे. खोलीत दोन माणसे, त्यांचे दोनशे. दिवा, पंखा, दूरदर्शन संच यांचे दीडशे. बेरीज सुमारे २६५० वॅट. अंदाजात चूक धरून तीन हजार म्हणा. तरीही यंत्राकडे निम्म्याने अधिक शक्ती शिल्लक राहते. आणि गच्चीला पांढरा कोट दिला असता तर? हजारांतले चार-पाचशे वॅट कमी झाले असते. जे यंत्र अर्ध्याच शक्तीने चालत होते, त्याला त्याने थोडा आधार मिळाला असता एवढेच; आणि खरा दोष आणखी काही महिने झाकला गेला असता.

मग यंत्र अर्ध्या शक्तीने का चालत होते? येथे दोन खुणा पाहण्यासारख्या होत्या, आणि त्या कोणासही दिसू शकतात. बाहेरच्या युनिटच्या बाजूला तांब्याच्या दोन नळ्या जोडलेल्या असतात, एक बारीक व एक जाड. चालू यंत्रात दोन्ही गार लागायला हव्यात, आणि जाड नळी तर थंड पाण्याच्या तांब्यासारखी. येथे बारीक नळीच्या जोडावर पांढरे हिम जमले होते आणि जाड नळी जवळजवळ कोमट होती. आत वायू कमी पडत असल्याचे हे ओळखीचे लक्षण. थोडासा वायू आत शिरताच उकळून संपतो. सुरुवातीचा तुकडा गोठतो आणि पुढचा सारा मार्ग रिकामा राहतो. दुसरी खूण आतल्या बाजूची: भिंतीवरील युनिटच्या मागे जेथे नळ्या नटाने जोडल्या होत्या, तेथे आवरण बाजूला केल्यावर तेलाचा डाग दिसला. वायूबरोबर यंत्राचे तेलही नळ्यांतून फिरत असते. वायू झिरपून उडून जातो. तेल मागे राहते आणि साक्ष देते.

(एक गैरसमज जाता जाता दूर करतो. ‘बारीक नळीला आवरण लागत नाही, ती गरमच असते’ असे काही कारागीर सांगतात. आपल्या घरगुती स्प्लिट यंत्रांत वायूचा दाब उतरवणारा भाग सहसा बाहेरच्या युनिटमध्ये असतो, त्यामुळे बारीक नळीही गारच असते. दोन्ही नळ्यांना स्वतंत्र आवरण हवे. दोघींना एकाच वेष्टनात गुंडाळणे हे काम वाचवणे आहे.)

या दोन खुणा आणि चार आकडे घेऊन कुटुंबाने उत्पादक कंपनीकडे लेखी तक्रार केली. ‘थंड होत नाही’ हे शब्द त्यात नव्हते. तारीख, वेळ, बाहेरचे तापमान, आत जाणारी व बाहेर येणारी हवा, पहाटेचे मापन, बारीक नळीवरील हिमाचे व तेलाच्या डागाचे छायाचित्र, एवढेच होते. आणि शेवटी एक मागणी, की जोडणीची गळती चाचणी कुटुंबातील व्यक्तीसमोर करावी आणि निष्कर्ष कामाच्या कागदावर लिहावा. तक्रारीचा सूर बदलला की पुढे येणारा माणूसही बदलतो, हा अनुभव मला अनेकदा आला आहे. चौथ्या दिवशी कंपनीचा वरिष्ठ तंत्रज्ञ आला.

त्याने तेलाच्या डागावर साबणाचा फेस लावला. फेसात बारीक बुडबुडे उठू लागले. नट सोडल्यावर कारण दिसले. तांब्याच्या नळीचे टोक कर्ण्यासारखे पसरवून नटात बसवावे लागते. याला कारागीर फ्लेअर म्हणतात. ते टोक एका बाजूस चिरलेले होते. नळी गोल फिरणाऱ्या कटरने न कापता करवतीने कापली, कडेचा कीस साफ केला नाही, आणि मग नट जोर लावून आवळला, की असे होते. पहिल्या दिवशी यंत्र गार हवा देते, बसवणारा निघून जातो आणि आठवड्याभरात वायू उडतो.

परंतु गळती हा अर्धाच दोष होता. तंत्रज्ञाने विचारले, ‘‘बसवताना व्हॅक्यूम पंप आणला होता का? साधारण कुकरएवढा, जड, चालू केला की मोटारीसारखा घुरघुरतो.’’ काकूंनी सांगितले, असे काही चार मजले चढून वर आलेच नव्हते. सगळे काम पाऊण तासात उरकले होते. नव्या यंत्रातील वायू बाहेरच्या युनिटमध्ये कोंडलेला असतो, आणि जोडलेल्या नळ्यांमध्ये साधी हवा व दमटपणा भरलेला असतो. झडपा उघडण्यापूर्वी ती हवा पंपाने ओढून नळ्या पूर्ण निर्वात कराव्या लागतात; पंधरा-वीस मिनिटे पंप चालवायचा, मग बंद करून मीटरचा काटा हलत नाही ना, हे पाहायचे. काटा हलला तर गळती तेव्हाच पकडली जाते. घाईतील कारागीर हे टाळतो. झडप किंचित उघडून यंत्रातीलच थोडा वायू ‘फुस्स’ करून सोडतो आणि हवा गेली असे मानतो. त्यात वायूही वाया जातो आणि थोडी हवा व ओल आत राहतेच. राहिलेली हवा यंत्रावरील दाब वाढवते, ओल तेलात मुरून ते हळूहळू आम्लधर्मी करते. अशा यंत्राचा काँप्रेसर दोन-चार वर्षांत जळाला, तर त्या वेळी कोणी बसवणाऱ्याच्या पाऊण तासाची आठवण काढत नाही.

तंत्रज्ञाने उरलेला वायू काढून घेतला, नळीचे टोक कापून नवे फ्लेअर केले, नायट्रोजनचा दाब भरून सर्व जोड साबणाने तपासले, अर्धा तास पंप चालवला आणि बाहेरच्या युनिटवरील पट्टीवर छापलेल्या वजनाइतका आर-३२ वायू तराजूवर मोजून भरला. काम अडीच तास चालले. मग तापमापके पुन्हा लावली: आत जाणारी हवा साडेतीस, बाहेर येणारी साडेसोळा. फरक चौदा. त्याच इमारतीत, त्याच स्लॅबखाली, संध्याकाळी सात वाजता. पाऊण तासात खोली सव्वीसवर आली आणि आजींनी पंखा कमी करायला सांगितले.

वजनाचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण अशा तक्रारीवर ‘गॅस कमी आहे, भरून देतो, अडीच-तीन हजार होतील’ हा तोडगा हमखास पुढे येतो. वायू इंधनासारखा संपत नसतो. तो बंद नळ्यांत वर्षानुवर्षे फिरतो. कमी झाला म्हणजे कोठेतरी गळतो आहे. गळती न शोधता वरून भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे, आणि केवळ दाबाच्या काट्यावरून अंदाजे भरणे म्हणजे आतील हवेचा दोष तसाच ठेवणे. नव्या यंत्राच्या जोडणीतील गळतीसाठी ग्राहकाने पैसे देण्याचे कारणच नाही.

इमारत नेहमीच निर्दोष असते, असे मात्र मी म्हणणार नाही. फरक बारा-चौदा अंश असूनही खोली तीस अंशांखाली येत नसेल, तर यंत्र आपले काम करते आहे. मग खोली मोठी आहे, यंत्र लहान आहे, किंवा उघडी काच फार आहे. तेथे पडदा, छताचे आवरण, गच्चीचा कोट यांचा विचार योग्य. आणखी एक प्रकार फसवा असतो. बाहेरचे युनिट अरुंद डक्टमध्ये वा बंदिस्त गॅलरीत टांगले, की त्याने फेकलेली गरम हवा भिंतीवर आपटून पुन्हा त्याच्याच पाठीत शिरते. बाहेर चाळीस अंश असताना युनिटच्या मागे पन्नास अंशांची हवा मिळते, यंत्र गुदमरते आणि फरक कमी होतो. येथेही बसवणारा ‘तुमच्या बिल्डिंगचा डक्टच असा’ म्हणतो. डक्ट इमारतीचा खरा. पण युनिट तेथे टांगायचे हे ठरवले कोणी? मागच्या बाजूस तापमापक धरून पाहावे. बाहेरच्या हवेपेक्षा तेथे सात-आठ अंश अधिक असेल, तर जागा बदलून मागावी.

कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष जोडणी ही सेवेतील त्रुटी ठरते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तिला शुल्क नाही. तेथे उपयोगी पडतो तो कामाचा कागद. म्हणून ‘यंत्र सुस्थितीत’ अशा मजकुराखाली सही मागितल्यास त्याच कागदावर आपले दोन आकडे लिहावेत आणि मगच सही करावी. या कुटुंबाच्या दुसऱ्या कागदावर तंत्रज्ञाने स्वतःच्या हाताने लिहिले: ‘आतील जोडास गळती, फ्लेअर सदोष, दुरुस्ती विनामूल्य.’

काकांनी त्या कागदाची एक प्रत सोसायटीच्या फलकावर लावली आणि गच्चीच्या मागणीचे पत्र मागे घेतले. या वर्षी मार्चच्या सभेत पांढऱ्या कोटाचा विषय पुन्हा निघाला, तो सचिवकाकांनीच मांडला. गच्चीला तडे गेले होते आणि पावसाळ्यापूर्वी तसेही काम करायचे होते.